लेकराचं वेळापत्रक करायचंय? आधी या चार गोष्टी विचारा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या धाकट्या चुलत जावेचा परभणीहून निरोप आला. "ताई, आमच्या लेकराचं दिवसभराचं टाइमटेबल करून पाठवा ना. अभ्यासाला बसतच नाही बघा." निरोप एवढाच होता.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे असं विचारणारे पालक मला दर वर्षी भेटतात. पूर्वी मी लगेच कागद घ्यायचे. पाचला उठणे, साडेपाच ते सात अभ्यास, अशा ओळी लिहून द्यायचे. माझ्या स्वतःच्या मुलीसाठी चौथीत असंच एक वेळापत्रक करून मी भिंतीला लावलं होतं. ते चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ती वर्गात बाकावर डोकं टेकून झोपल्याचं तिच्या बाईंनी सांगितलं. पहाटे पाचला उठवताना ती रात्री किती वाजता झोपते हे मी मोजलंच नव्हतं. त्या दिवसापासून चार उत्तरं हातात आल्याशिवाय मी कुणालाही वेळापत्रक देत नाही: वय, शाळेची वेळ, ट्यूशन आणि खेळ. जावेच्या मुलाचं वेळापत्रक आम्ही दोघींनी कसं बसवलं, ते पायरीपायरीने सांगते. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

बसण्याआधी जवळ काय ठेवायचं

- शाळेचं वेळापत्रक, त्यात शनिवारची वेळ वेगळी लिहिलेली
- शाळेच्या ऑटोची किंवा बसची खरी वेळ, म्हणजे दारात येण्याची आणि परत सोडण्याची
- ट्यूशनची वेळ आणि आठवड्यातले दिवस
- नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं
- जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ, पेन्सिल, खोडरबर
- लेकराला दिसेल असं काट्यांचं घड्याळ

पाण्याचा दिवस वाचून नवल वाटू देऊ नका. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आणि शहरांत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली मोठी माणसं भांडी, टाक्या भरण्यात असतात आणि लेकराकडे बघायला कुणी मोकळं नसतं. तो दिवस आधी माहीत नसला तर वेळापत्रक त्याच दिवशी मोडतं.

१. तीन दिवस फक्त लिहून काढा

लगेच काही बदलू नका. सोमवार ते बुधवार, लेकरू प्रत्यक्षात काय करतं ते वेळेसकट लिहा. जावेला वाटत होतं की पोरगा साडेनऊला झोपतो. लिहिल्यावर कळलं की साडेनऊला तो जेवायला बसतो आणि झोप लागते पावणेअकराला. आईबापांच्या अंदाजात आणि घड्याळात तासाभराचा फरक सहज पडतो, आणि तो बहुतेक वेळा झोपेतूनच जातो.

तीन दिवसांच्या नोंदीतून तिच्या घराचं चित्र असं निघालं. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. शाळा अकरा ते पाच. ऑटो सकाळी १०:२० ला दारात, संध्याकाळी ५:३५ ला परत. सहा ते साडेसात ट्यूशन. जाणंयेणं धरून ५:५० ते ७:४०. आठ ते साडेनऊ गृहपाठ, तोही रडतरागवत. मग जेवण, थोडा मोबाइल, पावणेअकराला झोप. सकाळी सातला उठवायचं, तेही तीनदा हाका मारून. उठल्यापासून ऑटो येईपर्यंत मुलगा काय करतो, या रकान्यात तिन्ही दिवस तिने एकच शब्द लिहिला होता: "लोळतो." खेळाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

२. वयावरून झोप ठरवा आणि ती सगळ्यात आधी लिहा

वेळापत्रक सकाळपासून लिहायला घेतलं की झोपेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून मी रात्रीपासून सुरू करते. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना आठ ते दहा तास. झोपेच्या तज्ज्ञांनी दिलेली ही मर्यादा आहे. वय विचारल्याशिवाय वेळापत्रक देता येत नाही, त्याचं कारण हेच. "पाचला उठव" हा सल्ला रात्री आठला झोपणाऱ्या मुलाला चालेल, अकराला झोपणाऱ्याला नाही.

आमच्या मुलाला मिळत होते सव्वाआठ तास. तो अभ्यासाला बसत नव्हता, कारण रात्री आठला त्याचे डोळे मिटत होते. जाऊ म्हणाली, "मला वाटलं आळस करायलंय." मी तिला विचारलं, रविवारी किती वाजता उठतो? म्हणाली, नऊला. रोज सातला उठणारं मूल रविवारी हाक न मारता नऊपर्यंत झोपत असेल तर आठवडाभराची झोप तुंबलेली आहे असं समजा. ऑटोत झोप लागणं, सकाळी दोनतीनदा हाका माराव्या लागणं, संध्याकाळी क्षुल्लक गोष्टीवरून रडू येणं, यांवरूनही तेच ओळखू येतं.

आम्ही साडेनऊ तास धरले: रात्री ९:३० ते सकाळी ७. आधी नऊच धरू म्हणून जाऊ अडून बसली होती. पण अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागत नाही, त्यात पंधरावीस मिनिटं जातात. नऊ धरले असते तर पदरात नऊ पडले नसते.

३. जे हलत नाही ते वजा करा

आता चोवीस तासांतून वजाबाकी. ही करताना जाणंयेणं विसरू नका. शाळा सहा तासांची असली तरी ऑटो धरून मुलगा सव्वासात तास घराबाहेर असतो.

झोप साडेनऊ तास, शाळा सव्वासात तास, ट्यूशन एक तास पन्नास मिनिटं. बेरीज १८ तास ३५ मिनिटं. उरले ५ तास २५ मिनिटं.

यातून सकाळचं तोंड धुणं, दूध, अंघोळ, जेवण आणि तयारी यांचा सव्वा तास. शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन काही खायला पंधरा मिनिटं. रात्रीच्या जेवणाला अर्धा तास. दप्तर भरणं आणि झोपायची तयारी पंचवीस मिनिटं. मिळून २ तास २५ मिनिटं गेले. हाती राहिले तीन तास.

जाऊ हे बघून गप्प झाली. "तीन तास? मग आम्हाला वेळ का पुरत नाही?" कारण ते तीन तास कुठे पडलेत हे तिने पाहिलं नव्हतं. सकाळी सात ते १०:२० या वेळात दोन तास पाच मिनिटं मोकळी होती आणि ट्यूशननंतर पंचावन्न मिनिटं. सगळा गृहपाठ त्या पंचावन्न मिनिटांत कोंबायला बघत होते, म्हणून जेवण आणि झोप दोन्ही पुढे ढकललं जात होतं.

४. ट्यूशनमध्ये काय होतं ते जाऊन विचारा

ही पायरी बहुतेक पालक गाळतात. ट्यूशनच्या बाईंना किंवा सरांना भेटून तीन प्रश्न विचारा. शाळेचा गृहपाठ तुमच्याकडे करून घेता की वेगळा अभ्यास देता? रोज यायलाच हवं का? दुसऱ्या वेळेची बॅच आहे का?

आमच्याकडे असं निघालं की गणिताचा शाळेचा गृहपाठ ट्यूशनमध्येच होत होता आणि घरी आल्यावर आई तोच पुन्हा वहीत काढून घेत होती. नवोदयच्या परीक्षेची थोडी तयारी ट्यूशनमध्येच चालली होती. पाचवीत ती परीक्षा असते म्हणून घरोघरी घाई असते. दीड तास तिथे बसून आलेल्या मुलाला पुन्हा दीड तास घरी बसवायची गरज नव्हती. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं म्हटलेलं आहे. सहावी ते आठवीला रोज एक तास आणि नववीपासून रोज दोन तासांपर्यंत. प्रत्यक्षात शाळा याहून जास्त देतात हे मला माहीत आहे. तरी पाचवीच्या मुलाला ट्यूशनच्या वर घरी रोज चाळीस मिनिटं पुरेत असं मी ठरवलं आणि जावेलाही ते पटवलं.

बाईंनी शनिवारी नाही आला तरी चालेल असं सांगितलं. विचारलं म्हणून कळलं.

पहिली-दुसरीच्या मुलाला ट्यूशन लावलेली असेल तर मी इथे थांबून आधी तीच काढता येते का ते बघते. त्या वयात आईजवळ बसून वीस मिनिटं वाचन झालं तरी भागतं.

५. खेळाला उजेड द्या

खेळ रोज किमान एक तास हवा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅरम, मोबाइल किंवा गॅलरीत उभं राहणं यात धरू नका. पळणं, लंगडी, सायकल, क्रिकेट, कबड्डी धरा.

पण तास कागदावर लिहिला म्हणून खेळ होत नाही. त्याला लागतो उजेड, जागा आणि सोबती, आणि वेळापत्रक करताना सगळ्यात जास्त चूक उजेडाची होते. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमाराला. सव्वा तासाचा फरक. म्हणजे "संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा खेळ" ही ओळ जूनमध्ये खरी आणि दिवाळीनंतर खोटी. ५:३५ ला ऑटोतून उतरणाऱ्या मुलाला तेव्हा दहा मिनिटं ऊन आणि थोडा संधिप्रकाश मिळतो. ट्यूशन नसती तरी त्याचा खेळ बसला नसता. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण. चाळिशीपार उन्हात दुपारी अकरा ते पाच मूल बाहेर सोडता येत नाही, मग खेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतरच.

म्हणून हिवाळ्यात खेळ सकाळी घ्यायचं मी सुचवलं. जावेचा जीव वरखाली झाला. "सकाळी डोकं ताजं असतं ताई, तेव्हा अभ्यास सोडून खेळायला धाडू?" तिचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाय परभणीची थंडी डिसेंबर-जानेवारीत कडक असते, पारा कधीकधी दहाच्या खाली जातो. सातला मुलाला मैदानात काढायचं म्हणजे सर्दीखोकला. पण मोकळे दोन तास पाच मिनिटं सकाळीच पडले होते, त्यात दोन्ही बसत होतं. आधी उबेत गृहपाठ, मग ऊन चढल्यावर खेळ. गृहपाठ लवकर संपला तर खेळायला लवकर सुटका, हे मुलाला न सांगताच कळलं.

सोबत्याचा प्रश्न जावेने सोडवला. गल्लीत त्याच ऑटोने जाणारी दोन मुलं होती. त्यांच्या आयांशी बोलून तिने सव्वाआठची वेळ ठरवली. हे बोलणं मोठ्यांनी करायला लागतं. खाली जाऊन कुणीच नाही असं दोन दिवस झालं की मूल तिसऱ्या दिवशी जात नाही आणि मग "याला खेळायची आवडच नाही" असं आपण ठरवून टाकतो.

६. आता कागदावर मांडा

आमचा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा कागद असा झाला, सोमवार ते शुक्रवार:

७:०० उठणे, तोंड धुणे, दूध
७:३० ते ८:१० गृहपाठ
८:१५ ते ९:१५ खेळ
९:१५ ते १०:१५ अंघोळ, जेवण, तयारी
१०:२० ऑटो
५:३५ घरी, हातपाय धुऊन खाऊ
५:५० ते ७:४० ट्यूशन
७:४० ते ८:१० मोकळा
८:१० ते ८:४० जेवण
८:४० ते ९:०५ दप्तर भरणे, अंथरूण
९:०५ ते ९:३० गोष्ट किंवा गप्पा
९:३० झोप

सकाळच्या मोकळ्या वेळातली पंचवीस मिनिटं मी मुद्दाम भरली नाहीत. ती तयारीच्या आणि दोन कामांच्या मधल्या वेळात विरघळली आहेत. बूट सापडत नाही, डब्याचं झाकण लागत नाही, आजोबा मध्येच बोलावतात, हे रोजचंच. ज्या कागदात एकही मिनिट मोकळं नाही तो कागद पहिल्या हरवलेल्या मोज्याला मोडतो.

मोकळ्या अर्ध्या तासात मुलगा टीव्ही बघो, मोबाइल बघो किंवा बहिणीशी भांडो, ते त्याचं. मात्र जेवायला बसताना मोबाइल मोठ्यांकडे जातो तो सकाळपर्यंत परत येत नाही. रात्री साडेनऊची झोप मोडणारी सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती, आणि घरातल्या मोठ्यांनीही नऊनंतर त्या खोलीत टीव्ही लावायचा नाही असं ठरवावं लागलं. हे जावेच्या सासऱ्यांना पटवायला आठवडा गेला.

वेळापत्रक लिहिताना मुलाला शेजारी बसवा आणि निदान एक गोष्ट त्याला ठरवू द्या. आमच्या मुलाने ९:०५ ला गोष्ट मागितली. आईने तिथे पाढे लिहिले होते.

७. शनिवार, रविवार आणि पाण्याचा दिवस वेगळा लिहा

शनिवारची शाळा सकाळी साडेसातला होती. म्हणजे सहाला उठणं आलं, म्हणजे शुक्रवारी साडेआठला झोपवणं आलं, आणि ट्यूशन ७:४० पर्यंत असताना ते जमत नाही. आम्ही शुक्रवारी मोकळा अर्धा तास आणि गोष्ट दोन्ही काढलं, जेवण ७:४५ ला घेतलं आणि नऊला झोप धरली. अर्धा तास कमी पडला तो शनिवारी दुपारच्या झोपेने भरला. शनिवारी सकाळचा गृहपाठ नाही, ट्यूशन नाही, संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंत खेळ. रविवारी उठण्याची वेळ आठच्या पुढे जाऊ द्यायची नाही, नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार पुन्हा हाका मारण्यात जातो.

त्यांच्या गल्लीत नळ सकाळी सातच्या सुमाराला येतो. त्या दिवशी गृहपाठ बंद, मुलगा पाइप धरतो आणि बादल्या भरायला मदत करतो, सव्वाआठला खेळायला जातो. कागदावर त्या वाराच्या समोर "पाणी" एवढंच लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. पाण्याचा वार घसरला की ती चिठ्ठी पुढच्या वारावर चिकटवायची.

८. चौदा दिवस चालवा, मग खोडरबर घ्या

पहिल्या तीन दिवसांवरून काही ठरवू नका. नवलाईत सगळंच चालतं. रोज रात्री फक्त दोन आकडे लिहा: झोप किती वाजता लागली आणि सकाळी किती हाका माराव्या लागल्या. चौदा दिवसांनी ते बघा.

आमच्याकडे पहिले पाच दिवस झोप सव्वादहाच्या आत आलीच नाही. उशिरा झोपायची सवय एका रात्रीत सुटत नाही. मग झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणली: दहा, पावणेदहा, साडेनऊ. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून सातच ठेवली. बाराव्या दिवशी मुलगा पहिल्या हाकेला उठला.

एखादी ओळ आठवड्यात तीनदा मोडली तर ओळ चुकली आहे, तिथे मुलावर ओरडू नका. आमच्या कागदात ७:३० चा गृहपाठ तसाच मोडत होता. सातला उठून अर्ध्या तासात शौच, दूध आणि दात हे होत नव्हतं. आम्ही गृहपाठ ७:४० ते ८:१५ केला, पाच मिनिटं कमी झाली, आणि ओळ टिकली.

मात्र झोप, खेळ आणि पोटभर खाणं नीट होऊनही महिनाभर मूल पेंगत असेल, रात्री घोरत असेल, किंवा फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करत असेल, तर कागद खोडत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला अभ्यासाला बसायला नको वाटायचं ते चष्मा लागल्यावर थांबलं.

हा कागद उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की निकामी होतो. साडेसातच्या शाळेला झोप नऊच्या आत आणावी लागते आणि खेळ संध्याकाळी साडेपाचनंतर न्यावा लागतो, म्हणजे सहाच्या ट्यूशनची वेळ पुन्हा आडवी येते. जावेने आताच बाईंना दुपारच्या बॅचचं विचारून ठेवलं आहे. परवा मुलाने मला फोनवर विचारलं, "मोठी आई, उन्हाळ्यात पण खेळायला एक तास राहील ना?" कॅलेंडरची दुसरी पाठ आम्ही त्यासाठी कोरी ठेवली आहे.